विवरं मोजून वय कसं काढायचं: चंद्राच्या एका लाव्हा-मैदानापासून सुरुवात

लाव्हा वाहून थिजला की नवीन, कोरी जमीन तयार होते. त्या दिवसापासून तिच्यावर अवकाशातले दगड आदळू लागतात आणि विवरं साठत जातात. चंद्रावर ती पुसायला वारा नाही, पाणी नाही. म्हणून ठरावीक क्षेत्रफळात विवरं जास्त तर जमीन जुनी, आणि कमी तर नवी. पण ‘जुनी’ म्हणजे नेमकी किती वर्षं, हे सांगायला विवरांची संख्या आणि खडकाचं प्रयोगशाळेत मोजलेलं वय, दोन्ही एकाच जागेचं हातात असावं लागतं. अपोलो आणि लुना मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांमुळे असे काही बिंदू मिळाले. त्यांतून काढलेल्या वक्ररेषेवर बाकी सगळा चंद्र वाचला जातो, आणि थोडे फेरफार करून मंगळही.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी चीनचं चांग'ई-५ यान जिथे उतरलं ते मैदान निवडावं असं मी सांगेन. ते चंद्रावरच्या ओशनस प्रोसेलारम या विशाल लाव्हा-प्रदेशाच्या उत्तर भागात आहे, अंदाजे ४३° उत्तर आणि ५२° पश्चिम. डिसेंबर २०२० मध्ये तिथून पावणेदोन किलोच्या आसपास माती आणि खडक पृथ्वीवर आले आणि बेसॉल्टचं वय सुमारे २.० अब्ज वर्षं निघालं. म्हणजे तुमचं गणित पडताळायला उत्तर तयार आहे. नमुने येण्याआधी वेगवेगळ्या गटांनी याच परिसरातली विवरं मोजली होती. कुणाचं उत्तर सव्वा अब्जाच्या आसपास होतं, तर कुणाचं तीन अब्जाच्या पुढे. एकाच मैदानाबद्दल एवढी तफावत का पडली, हे पुढच्या पायऱ्या करताना लक्षात येईल.

## लागणाऱ्या गोष्टी

- छायाचित्रं: लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या वाइड अँगल कॅमेऱ्याचा संपूर्ण चंद्राचा मोझाइक (१०० मीटर प्रति पिक्सेल) आणि जपानच्या कागुया यानाच्या टेरेन कॅमेऱ्याची चित्रं (सुमारे १० मीटर प्रति पिक्सेल). दोन्ही मोफत मिळतात.
- सीमा ठरवण्यासाठी क्लेमेंटाइन यानाचा रंग-गुणोत्तर नकाशा.
- नकाशाचं सॉफ्टवेअर: QGIS आणि त्यातलं OpenCraterTool. ज्यांच्याकडे ArcGIS आहे त्यांना CraterTools चालेल.
- आलेख आणि वय काढण्यासाठी Craterstats.

मंगळासाठी पहिल्या ओळीच्या जागी मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या CTX कॅमेऱ्याची चित्रं घ्या, साधारण ६ मीटर प्रति पिक्सेलची. बाकीचं सामान तेच.

## १. आधी सीमा आखा, मग मोजा

नवशिक्यांचा बहुतेक वेळ विवरांवर क्लिक करण्यात जातो, पण उत्तर बिघडतं ते सीमेत. तुम्ही आखलेल्या बहुभुजाच्या आत एकाच वेळी तयार झालेली जमीन असायला हवी. आत दोन वेगवेगळ्या काळातले लाव्हा-थर आले, तर निघणारं वय दोन्हींच्या मधलं कुठलंतरी असेल. असं काही त्या जागी कधीच घडलेलं नसतं.

साध्या कृष्णधवल चित्रात हे थर वेगळे दिसत नाहीत. इथे रंग-गुणोत्तर नकाशा कामाला येतो. ज्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम जास्त तो या नकाशात निळसर दिसतो, कमी असेल तर तांबूस. चांग'ई-५चं मैदान आजूबाजूच्या जुन्या लाव्ह्यापेक्षा टायटॅनियमने समृद्ध आहे, त्यामुळे त्याची कड बऱ्यापैकी स्पष्ट उठते. हा सगळा थर सुमारे ३७,००० चौरस किलोमीटरचा आहे. पश्चिमेकडचा मॉन्स रुम्कर हा ज्वालामुखीय उंचवटा जुना आहे, तो बाहेर ठेवा. मैदानातून नागमोडी जाणारी रिमा शार्प ही घळही वगळा, कारण तिच्या उतारांवर विवरं टिकत नाहीत.

सगळा थर एकदम घेऊ नका. आतला एक सलग, सपाट, कुठल्याही मोठ्या विवराच्या पांढऱ्या किरणांपासून दूर असलेला तुकडा निवडा. पुढच्या उदाहरणात मी १०,००० चौरस किलोमीटरचा तुकडा धरला आहे.

क्षेत्रफळ काढताना प्रक्षेपणाकडे लक्ष द्या. ४३° अक्षांशावर साध्या दंडगोलाकार प्रक्षेपणात पूर्व-पश्चिम अंतर जवळजवळ १.४ पट ताणलेलं दिसतं. क्षेत्रफळ त्या नकाशावरून मोजलंत तर वयही तेवढ्याच पटीने कमी येईल. समक्षेत्र प्रक्षेपण वापरा. OpenCraterTool आणि CraterTools विवराचा व्यास स्वतःहून दुरुस्त करतात, पण प्रकल्पाला चंद्राचा गोल नेमून दिला आहे ना, हे आधी पाहून घ्या. QGIS नवीन प्रकल्पाला पृथ्वीच धरून बसतं.

## २. तिरप्या उन्हाचं चित्र निवडा

सूर्य डोक्यावर असताना काढलेल्या चित्रात सावल्या नसतात. तेव्हा ताजी विवरं पांढऱ्या ठिपक्यांसारखी चमकतात, आणि जुनी, कड झिजलेली विवरं दिसतच नाहीत. अशा चित्रावर मोजलं की जमीन आहे त्याहून तरुण वाटते. सूर्य क्षितिजापासून २० ते ३० अंशांवर असतानाचं चित्र सगळ्यात सोयीचं. त्याहून खाली गेला तर लांब सावल्यांमध्ये लहान विवरं बुडतात.

किती लहान विवरापर्यंत जायचं याचा ढोबळ नियम असा की व्यास किमान १० पिक्सेल हवा. १०० मीटर प्रति पिक्सेलच्या चित्रावर १ किलोमीटरच्या खाली उतरू नका. त्यापेक्षा लहान हवी असतील तर कागुयाच्या चित्रावर जा.

## ३. वर्तुळं काढताना

प्रत्येक विवराच्या कडेवर तीन बिंदू दिले की सॉफ्टवेअर वर्तुळ बसवतं. बिंदू कडेच्या माथ्यावर द्या, आतल्या सावलीच्या रेषेवर नाही. सावलीवर दिले तर व्यास दहा-पंधरा टक्क्यांनी कमी येतो. एका विवराच्या बाबतीत हे क्षुल्लक वाटतं, पण लहान विवरांची संख्या इतक्या झपाट्याने वाढते की व्यासातली ही चूक संख्येत जवळपास तीस ते पंचेचाळीस टक्क्यांची होऊन बसते.

सीमारेषेवरच्या विवरांचा नियम: ज्याचं केंद्र आत ते मोजायचं, ज्याचं केंद्र बाहेर ते सोडायचं. ‘अर्धं आत आहे तर घेऊ या’ असं करायचं नाही.

ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांनाही वर्तुळ काढा, पण वेगळी खूण लावा. पुसून टाकलेलं विवर परत शोधावं लागतं. खूण लावलेलं असेल तर एका क्लिकवर आत-बाहेर करता येतं.

## ४. दुय्यम विवरं बाजूला काढा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. मोठा आघात होतो तेव्हा उडालेले खडक शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात आणि स्वतःची विवरं करतात. ही दुय्यम विवरं. त्यांतली शेकडो एकाच दिवशी तयार झालेली असतात, त्यामुळे काळाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. मोजणीत शिरली की वय फुगतं.

ती ओळखायची कशी? उडालेला खडक चंद्रावर परत पडतो, म्हणजेच त्याचा वेग सेकंदाला २.४ किलोमीटर या मुक्तिवेगापेक्षा कमी असतो. लघुग्रहाचा तुकडा याच्या कितीतरी पट वेगाने येतो आणि कुठल्याही कोनातून आला तरी बहुधा गोल, खोल विवर करतो. हळू येणारा खडक मात्र उथळ, वेडंवाकडं, उडाला त्या दिशेला लांबट विवर करतो. शिवाय असे खडक सोबतीने पडतात, म्हणून दुय्यम विवरं साखळीत किंवा घोळक्यात असतात. शेजारच्या दोन विवरांमध्ये सरळ कंगोरा उठलेला असतो, आणि अशा कंगोऱ्यांच्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या नक्षीचं टोक मूळ विवराकडे रोखलेलं असतं. घोळक्यातल्या सगळ्यांची झीज सारखी दिसली, तर शंकेला फारशी जागा राहत नाही.

एकट्यादुकट्या, लांबवर पडलेल्या दुय्यम विवराचा आकार मात्र गोल असू शकतो. ते डोळ्यांनी वेगळं काढता येत नाही. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. लहान विवरांवर किती विसंबायचं याबद्दल या क्षेत्रात अजून दोन मतं आहेत, ती यामुळेच. Craterstats विवरांची मांडणी यादृच्छिक आहे की घोळक्यांची, याची चाचणी आकारगटानुसार करून देतं. ज्या आकाराच्या खाली ती घोळक्यांकडे झुकू लागते, त्याच्या खालचा भाग वय काढायला वापरू नका.

आता एक सापळा. घोळका वगळताना फक्त विवरं वगळली आणि क्षेत्रफळ तसंच ठेवलं, तर त्या पट्ट्यातली खरी विवरंही गेली आणि जमीन मात्र मोजणीत राहिली. मग वय कमी येतं. घोळक्याभोवती बहुभुज काढून तो तुकडाच सीमेतून कापून टाका.

## ५. आकड्यावरून वर्षं

चंद्रासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र, म्हणजेच कालरेषा, ग्रहशास्त्रज्ञ गेरहार्ड नॉयकुम यांच्या कामातून आलं आहे:

```
N(1) = 5.44e-14 × (exp(6.93 × T) − 1) + 8.38e-4 × T
```

इथे `N(1)` म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे १ किलोमीटर किंवा त्याहून मोठी विवरं, आणि `T` म्हणजे अब्ज वर्षांत वय. सूत्राचे दोन भाग दोन वेगळ्या काळांबद्दल बोलतात. गेल्या तीन अब्ज वर्षांत आघातांचा दर जवळपास स्थिर आहे, तो दुसरा भाग. त्याआधी मारा कितीतरी जोराचा होता, तो पहिला.

समजा, आपल्या १०,००० चौरस किलोमीटरमध्ये १ किलोमीटरपेक्षा मोठी २५ विवरं सापडली. `N(1)` झाला ०.००२५ आणि वय निघालं सुमारे २.९४ अब्ज वर्षं. मग चौथी पायरी केली. त्यांतली ८ विवरं ४०० चौरस किलोमीटरच्या एका घोळक्यात आहेत आणि त्यांच्यात कंगोरे दिसतात. तो तुकडा कापला. उरली ९,६०० चौरस किलोमीटरमध्ये १७ विवरं. `N(1)` आला ०.००१७७ आणि वय २.११ अब्ज वर्षं. एका घोळक्याने ८० कोटींहून जास्त वर्षांचा फरक पाडला.

पण १७ हा आकडा फार लहान आहे. मोजणीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमूळाएवढी धरतात. १७चं वर्गमूळ सुमारे ४.१, म्हणजे २४ टक्के. वय १.६ ते २.६ अब्जांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. यावर उपाय म्हणजे लहान विवरांकडे वळणं. कुठल्या आकाराची विवरं किती प्रमाणात तयार होतात हे नॉयकुम यांच्या उत्पादन-फलनातून मिळतं. त्यानुसार १ किलोमीटरपेक्षा मोठं एक विवर असेल तर अर्ध्या किलोमीटरपेक्षा मोठी सुमारे १३ असतात. समजा तीच जमीन कागुयाच्या चित्रावर मोजून अर्ध्या किलोमीटरपेक्षा मोठी २१५ विवरं मिळाली. त्यांना ९,६०० आणि १३ने भागलं की `N(1)` येतो ०.००१७२, वय २.०६ अब्ज, आणि अनिश्चितता उतरून ०.१४ अब्जांवर येते.

Craterstats हेच काम एका आकाराऐवजी आकारांच्या पट्ट्यावर करतं. पण हे एकदा हाताने करून पाहाच. त्याशिवाय आलेखातली रेषा कुठून आली ते कळत नाही.

वय जसं जुनं होतं तसं सूत्राचं वागणं बदलतं. १ अब्जाच्या आसपास संख्या दुप्पट धरली की वयही जवळपास दुप्पट होतं. तेच ३.८ वरून ३.९ अब्जांवर जाताना संख्या जवळजवळ १.८ पट होते. त्यामुळे फार जुन्या जमिनीवर मोजणीत बरीच गडबड झाली तरी वय थोडंच हलतं, आणि मधल्या वयांच्या जमिनीवर प्रत्येक चूक सरळ वयात उतरते. चांग'ई-५च्या आधी १ ते ३ अब्ज वर्षांच्या दरम्यानचा, चंद्रावरची नेमकी जागा माहीत असलेल्या लाव्ह्याचा एकही नमुना नव्हता. एका बाजूला अपोलो १२चा ३.१ अब्जांच्या पुढचा लाव्हा आणि दुसऱ्या बाजूला कोपर्निकस विवराची सुमारे ८० कोटी वर्षं, एवढ्यावरच मधली रेषा ओढलेली होती. नवा बिंदू त्या रेषेच्या बराच जवळ पडला.

## ६. आलेखातला वाकडेपणा वाचा

विवरांचा आकार आडव्या अक्षावर आणि संख्या उभ्या अक्षावर, दोन्ही लॉग मापात, असा आलेख समोर येतो. एका ठरावीक वयाला प्रत्येक आकाराची किती विवरं हवीत हे दाखवणाऱ्या समवय-रेषेवर बिंदू बसले तर काम सोपं. पण बरेचदा मोठी विवरं एका रेषेवर असतात, लहान विवरं तिच्याखालच्या रेषेवर, आणि मध्ये पायरी दिसते. ही पायरी म्हणजे इतिहास आहे.

आधी जुनी जमीन होती, मग तिच्यावरून पातळ लाव्हा वाहिला. १ किलोमीटरच्या ताज्या विवराची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण ४० मीटर उंच असते. ४० मीटर जाडीचा लाव्हा आला की १ किलोमीटरहून लहान विवरं पूर्ण बुडतात आणि मोठ्यांच्या कडा वर डोकावत राहतात. मग मोठी विवरं जुन्या जमिनीचं वय सांगतात, लहान विवरं नव्या लाव्ह्याचं. दोन्ही वयं खरी आहेत आणि दोन्ही नोंदवायची. पायरी ज्या व्यासावर दिसते त्यावरून लाव्ह्याच्या जाडीचा अंदाजही मिळतो.

इथे संचयी आलेख फसवतो. त्यात प्रत्येक बिंदूत त्याहून मोठी सगळी विवरं मिळवलेली असतात, त्यामुळे जुन्या मोठ्या विवरांचं ओझं लहान आकारांवरही चढतं आणि नवा लाव्हा आहे त्यापेक्षा जुना वाटतो. Craterstats मध्ये यासाठी दुरुस्तीचा पर्याय आहे. मी भेदात्मक आलेख शेजारी ठेवूनच निर्णय घेते, कारण त्यात प्रत्येक आकारगट स्वतःपुरता उभा असतो.

आलेखाच्या डाव्या टोकाला बिंदू रेषेपासून खाली झुकतात. त्याची कारणं दोन असू शकतात. एक तर चित्रात तेवढी बारीक विवरं दिसतच नसतात. दुसरं म्हणजे जमीन भरलेली असते: नवीन विवर पडलं की जुनं पुसलं जातं आणि संख्या वाढायची थांबते. साडेतीन अब्ज वर्षांच्या लाव्ह्यावर दोन-तीनशे मीटरखालची विवरं साधारण याच अवस्थेत असतात. दोन्ही बाबतींत तो भाग सोडून द्या. रेषा सुंदर बसावी म्हणून बिंदू निवडू नका. कुठला पट्टा का घेतला, हे आधी सांगता आलं पाहिजे.

## ७. मंगळावर जाताना

मंगळावरून अजून एकही नमुना वय मोजण्यासाठी पृथ्वीवर आणलेला नाही. म्हणून चंद्राचीच रेषा मंगळावर नेतात आणि तीन बदल करतात. मंगळ लघुग्रहांच्या पट्ट्याला जवळ आहे, म्हणून आघात जास्त. तिथे दगड सरासरी कमी वेगाने आदळतात. आणि गुरुत्व चंद्राच्या दुपटीहून जास्त आहे, त्यामुळे तेवढ्याच दगडाचं विवर लहान होतं. विल्यम हार्टमन आणि नॉयकुम यांनी २००१ मध्ये अशी जुळवणी मांडली. या गुणकांमधली अनिश्चितता मोठी आहे. मधल्या आणि तरुण वयांच्या जमिनीसाठी निघालेलं उत्तर खऱ्याच्या दुप्पट किंवा निम्मं असू शकतं हे धरूनच चालायचं. Craterstats दाखवतं ती फक्त मोजणीतली अनिश्चितता. गुणकांची त्यात नसते.

दुसरी अडचण जमिनीची. मंगळावर वारा आहे, धूळ आहे, बर्फ आहे. लहान विवरं भरतात आणि पुन्हा उघडीही पडतात. तेव्हा लहान विवरांवरून निघणारं वय बरेचदा खडकाचं नसतं, तर शेवटची साफसफाई कधी झाली त्याचं असतं. क्युरिऑसिटी रोव्हरने गेल विवरात मातीच्या खडकाचा वैश्विक किरणांखाली उघडं राहण्याचा काळ मोजला. तो ८ कोटी वर्षांच्या आसपास निघाला, आणि त्याच खडकातल्या खनिजांचं वय मात्र चार अब्ज वर्षांच्या पुढे.

तिसरी झुनिल. एलिसियम भागातलं हे सुमारे १० किलोमीटरचं विवर दिवसाच्या चित्रात साधंच दिसतं, पण मार्स ओडिसी यानावरच्या THEMIS कॅमेऱ्याच्या रात्रीच्या उष्णता-चित्रांत त्याचे किरण शेकडो किलोमीटर पसरलेले दिसतात. त्या एका आघाताने अंदाजे एक कोटी दुय्यम विवरं केली, बहुतेक २०० मीटरपेक्षा लहान. त्या परिसरातल्या तरुण लाव्ह्यांवर तुम्ही ५० मीटरची विवरं मोजलीत, तर मुख्यतः झुनिलच मोजाल. म्हणून मंगळावर सीमा आखण्याआधी उष्णता-चित्र एकदा नक्की उघडा.

## ८. निकाल लिहिताना

नुसतं ‘वय २.०६ अब्ज वर्षं’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही. क्षेत्रफळ, वापरलेलं चित्र आणि त्याचं रिझोल्यूशन, रेषा बसवलेल्या आकारांचा पट्टा, त्या पट्ट्यातली विवरांची संख्या, वगळलेलं क्षेत्र, उत्पादन-फलन आणि कालरेषा, ही सगळी माहिती सोबत द्या. `N(1)` आवर्जून द्या. पुढे कालरेषा बदलली तरी तो आकडा तसाच राहतो आणि कुणालाही त्यावरून नवं वय काढता येतं. आपल्या उदाहरणाची नोंद अशी होईल: ९,६०० चौरस किलोमीटर, कागुया टेरेन कॅमेरा, ०.५ किलोमीटर व त्याहून मोठी २१५ विवरं, ४०० चौरस किलोमीटरचा दुय्यम घोळका वगळून, `N(1)` = ०.००१७२, नॉयकुम कालरेषेनुसार २.०६ ± ०.१४ अब्ज वर्षं.

विवरांची मूळ `.scc` फाइलही सोबत ठेवा, वगळलेल्या विवरांच्या खुणांसकट.